कथा: नऊ महिने आधी (आणि एक प्रश्न)

कागदकीडा

मंडळी, छोटी कथा लिहिली आहे. आधी वाचा, मग खाली विचारलेल्याची उत्तरं द्या. कायदेवाले, कारकून, लेखक सगळेच चालतील.

*नऊ महिने आधी*

तिला दिलेलं काम सोपं होतं. जुन्या करारांच्या फायली एकेक करून उघडायच्या आणि प्रत्येक कराराचा एकपानी गोषवारा काढायचा. पक्षकार कोण, जागा कुठली, मुदत कधीपासून कधीपर्यंत, भाडं किती, वाढ केव्हा, नूतनीकरणाची सोय आहे का, नोटीस कुठल्या पत्त्यावर. प्रत्येक रकान्यापुढे कलम आणि पान क्रमांक टाकायचा. हेडक्लार्कनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "जुनी नोंदवही शेजारी ठेव. अडलं तर तिच्यातून उतरव. सगळं वाचत बसलीस तर निवृत्त होशील."

गोदामाची फाईल जाड होती. टॅग मधोमध तुटलेला, त्यामुळे मागचा अर्धा भाग दोऱ्याने बांधलेला. नोंदवहीत या गोदामापुढे मुदत समाप्ती २९/०२/२०२४ होती आणि पुढच्याच रकान्यात, नूतनीकरण, पुन्हा २९/०२/२०२४. दुसरी तारीख तर वरच्या ओळीखाली दोन टिंबं द्यावीत तशी घाईने लिहिलेली.

दोन्ही तारखा एक कशा? तिने कलम ४ काढलं.

"भाडेकरूस आणखी पाच वर्षांसाठी मुदत वाढवून घेण्याचा हक्क राहील. मात्र तशी लेखी नोटीस मुदत संपण्याच्या किमान नऊ महिने आधी मालकास पोचली पाहिजे. तशी नोटीस न पोचल्यास सदर हक्क आपोआप संपुष्टात येईल."

मग कलम २. "मुदत दहा वर्षांची राहील व ती प्रारंभ दिनांकापासून मोजली जाईल. प्रारंभ दिनांक म्हणजे ताबा दिल्याची तारीख किंवा भोगवटा प्रमाणपत्राची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल ती."

ताबा पावती पान ४१ वर होती, १ मार्च २०१४. तिने टेबलावरचं कॅलेंडर उलटं चाळलं. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर. बोट मेवर येऊन थांबलं. २९ मे. भिंतीवरच्या पाटीवर कुणीतरी सकाळीच तारीख बदलली होती, ५ जून २०२३.

तिने पुन्हा मोजलं. मग मागची पानं चाळली. ४१ नंतर ४४ होतं. अनुक्रमणिकेत सतराव्या ओळीपुढे नुसती रेघ.

"सर, ही तारीख..." ती उठून हेडक्लार्ककडे गेली.

"नोंदवहीत काय आहे?"

"२९ फेब्रुवारी."

"मग तेच लिही."

ती जागेवर परत आली. 'नूतनीकरण नोटिशीची शेवटची तारीख' या रकान्यात तिने पेन्सिलीने लिहिलं, २९/०५/२०२३. गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवताना तो कागद तिने सगळ्यात वर ठेवला.

(समाप्त)

प्रश्न: हे पटतं का? नवख्या मुलीच्या हे खरंच लक्षात येईल? आणि तारीख गेली म्हणजे सगळं गेलं का? मी 'गेलं' असं धरून लिहिलंय.

---

भरपूर_वेळ

'निवृत्त होशील' 😂 आमच्याकडेही एक असेच होते. पुभाप्र.

---

कागदकीडा

पुढचा भाग नाही हो, समाप्त लिहिलंय!

---

मुद्रांक

कथा आवडली, पण एक तांत्रिक खोड काढतो. २९ फेब्रुवारी हा महिन्याचा शेवटचा दिवस. त्याच्या नऊ महिने आधी म्हणजे मे महिन्याचा शेवटचा दिवस, ३१ मे. तुमच्या नायिकेने दोन दिवस कमी मोजलेत. ५ जून तरीही उशीरच, त्यामुळे कथेला धक्का नाही.

दुसरं, हे एवढं गंभीर नसतं. मुदत संपल्यावरही मालक भाडं घेत राहिला की करार आपोआप पुढे सरकतो. आमच्या ओळखीत एकांनी वर्षानुवर्षं असंच चालवलं.

---

दप्तरदार

मुद्रांक, महिना मोजण्याच्या बाबतीत तुमचं नाही पटलं. 'शेवटचा दिवस ते शेवटचा दिवस' हा हिशोब सोयीचा वाटतो, पण नेमका तोच हिशोब एका भाडेकरूला भोवला आहे. डॉड्स विरुद्ध वॉकर, इंग्लंडमधला १९८१ चा निकाल. मालकाची नोटीस ३० सप्टेंबरला मिळाली, भाडेकरूला चार महिन्यांत अर्ज करायचा होता. त्याने ३१ जानेवारीला केला. त्याचं म्हणणं अगदी तुमच्यासारखं, की सप्टेंबरचा शेवट तो जानेवारीचा शेवट. न्यायालय म्हणालं, नाही, ३० तारखेला सुरू झालं ते ३० तारखेलाच संपेल. एका दिवसाने गेला. तेव्हा २९ फेब्रुवारीच्या नऊ महिने आधी २९ मे. मुलीने बरोबर मोजलंय. इंग्लंडबाहेर कुणी वेगळं मोजत असेल तर तिथलं तिथे बघावं, पण धोक्याच्या बाजूची तारीख धरावी हे कुठेही खरं.

भाडं घेत राहिल्याने 'आपोआप सरकतो' हेही अर्धंच. भाडं घेतल्यामुळे जागेत राहणं लगेच बेकायदा ठरत नाही, एवढं बऱ्याच ठिकाणी मिळतं. पण ते बहुधा महिन्या-महिन्याचं राहणं असतं, ठरलेल्या दराने पाच वर्षांचं नव्हे. शिवाय बऱ्याच करारांत मुदतीनंतर राहिल्यास भाडं दीडपट अशी वेगळी कलमं असतात. कथेतल्या फाईलमध्ये ते कलम असेल तर ते गोषवाऱ्यात आलंच पाहिजे. तुमच्या ओळखीतल्या मालकाला वर्षभराने जास्त भाडं देणारा कोणी भेटला असता तर काय झालं असतं, विचारून बघा.

कथेबद्दल नंतर लिहितो, त्यात एक गोष्ट आहे.

---

निळी_शाई

अगदी हाच अनुभव! आम्ही एक सॉफ्टवेअर वर्षाच्या वर्गणीवर घेतलं होतं. नको होतं, पण कळवायची तारीख चुकली आणि अख्ख्या वर्षाचे पैसे कापले गेले. परत मागितले तर म्हणाले कलम वाचा. तेव्हापासून मी सगळ्या तारखा फोनमध्ये टाकते. नायिकेनेही मोबाईलमध्ये रिमाइंडर लावायला हवा होता असं वाटलं.

---

रांगेत_उभा

निळी_शाई, तुमचं उलट आहे. तुमच्याकडे गप्प बसलं की करार वाढतो, कथेत गप्प बसलं की मरतो. दोन्ही प्रकार एकाच रकान्यात 'नूतनीकरण' म्हणून भरले की घोळ होतो, आणि तो घोळ मी रोज बघतो. आमच्या तक्त्यात म्हणून आता दोन रकाने आहेत, 'काही केलं नाही तर काय होईल' आणि 'कधीपर्यंत करायचं'. पहिला भरताना माणूस आपोआप विचार करतो.

आणि रिमाइंडर लावायचा तो नऊ महिने आधी. आठवडा उलटून गेल्यावर तिने कशाचा लावायचा?

---

निळी_शाई

अरे हो. पुन्हा वाचते.

---

अर्धविराम

लेखक म्हणून बोलते. हेडक्लार्क पुठ्ठ्याचा आहे. 'मग तेच लिही' हे खलनायकाचं वाक्य झालं. खऱ्या आयुष्यात असा माणूस दुष्ट नसतो, त्याला पंचवीस फायली अजून व्हायच्या असतात. त्याला एक ओळ द्या, निदान चष्मा तरी पुसू द्या.

पण नवखीच्या लक्षात येणं मला पूर्ण पटलं. जुन्याला नोंदवही माहीत असते, म्हणून तो करार उघडत नाही. हिला काहीच माहीत नाही, म्हणून हिने उघडला. आणि दोन रकान्यांत एकच तारीख हे निमित्त फार छान सापडलंय.

---

रांगेत_उभा

ते निमित्त सापडलेलं नाही, ते खरोखर होतं. मी गोषवारेच काढतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

नोंदवही बनवणाऱ्याने बहुतेक असं केलं असणार: त्याच्याकडे 'नूतनीकरण' नावाचा रकाना होता, त्यात काय भरायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. नूतनीकरण कधी? मुदत संपल्यावर. म्हणून समाप्तीची तारीख. तो चुकीचं लिहितोय असं त्याला वाटलंच नसेल. त्या रकान्याला 'नोटीस कधीपर्यंत पोचली पाहिजे' असं नाव असतं तर त्याला कलम उघडावंच लागलं असतं.

दुसरी गोष्ट, आमच्याकडे तारखेपुढे ती कुठून आली ते लिहायची सक्ती आहे. करारातच छापलेली तारीख असेल तर तसं. हिशोबाने काढलेली असेल तर हिशोब लिहायचा, 'ताबा १/३/२०१४ + १० वर्षे, वजा नऊ महिने'. असं लिहिलं की नंतरचा माणूस हिशोब तपासू शकतो. नुसतं '२९/०५/२०२३' लिहिलं तर तो फक्त विश्वास ठेवू शकतो. तेव्हा कथेतल्या मुलीने पेन्सिलीने तारीख लिहिली हे बरं, पण हिशोब लिहिला असता तर मी तिला नोकरी दिली असती.

रिकामा रकाना आणि 'करारात अशी सोय नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि तिसरा प्रकार म्हणजे 'कागद सापडला नाही'. तिन्ही वेगळे लिहायचे. नवीन पोरं तिन्हींना रेघ ओढतात.

---

भरपूर_वेळ

म्हणजे सतराव्या ओळीपुढची रेघ 👀

---

दप्तरदार

भरपूर_वेळ, तुम्ही माझं वाक्य पळवलंत. हेच नंतर लिहितो म्हणालो होतो.

कलम २ पुन्हा वाचा. प्रारंभ म्हणजे ताबा किंवा भोगवटा प्रमाणपत्र, जी नंतरची तारीख असेल ती. मुलीने ताबा पावती पाहिली, प्रमाणपत्र पाहिलंच नाही, कारण ते फाईलमध्ये नाही. पानं ४२, ४३ गायब, अनुक्रमणिकेत सतरापुढे रेघ. म्हणजे २९ मे ही तारीख अर्ध्या माहितीवर काढलेली आहे. नोंदवहीतली २९ फेब्रुवारीही तशीच, तिच्या हिशोबात प्रमाणपत्र नाहीच.

आता उलटा हिशोब करू. ५ जूनला नोटीस हातोहात दिली तर ती वेळेत ठरण्यासाठी मुदत ५ मार्च २०२४ ला किंवा नंतर संपली पाहिजे. म्हणजे सुरुवात ६ मार्च २०१४ किंवा नंतरची हवी. ताबा १ मार्चचा. प्रमाणपत्र ताब्यानंतर पाचच दिवसांनी मिळालं असलं तरी हक्क शाबूत. ते एप्रिलचं निघालं तर सगळ्यांनी आरामात घरी जावं. आतलं काम सुरू करता यावं म्हणून भाडेकरू आधी ताबा घेतो आणि प्रमाणपत्र मागाहून येतं, हे काही दुर्मीळ नाही. नाहीतर कराराने 'जी नंतरची' असं लिहिलं तरी कशाला असतं?

उलटही होऊ शकतं. प्रमाणपत्र फेब्रुवारीचं असेल तर ताब्याचीच तारीख नंतरची, आणि २९ मे खरी. मग खरोखर गेलं.

---

अर्धविराम

दप्तरदार, तुम्ही एका प्रतिसादात कथेचा जीव घेतलात! तिच्या हातून काही सुटत नाही, तारीख सुटलेली आहे आणि कुणालाच सांगता येत नाही, हाच तर ताण होता. आता ती बातमी राहिली नाही, पत्त्यांचा डाव झाला.

---

दप्तरदार

मला तर उलट वाटतं. आधी तिच्याकडे एक दुःखद तारीख होती. आता तिच्याकडे एक हरवलेला कागद आहे आणि तो कुठे शोधायचा हा प्रश्न. मला दुसरी कथा वाचायला आवडेल.

---

कागदकीडा

मी मुद्दाम ठेवलं होतं की नाही हे सांगणार नाही. एवढंच म्हणतो, कथेत 'तिने पुन्हा मोजलं' असं आहे, 'तिला खात्री पटली' असं कुठेही नाही.

अर्धविराम, हेडक्लार्कला चष्मा दिला.

---

शंकासूर

दप्तरदारांचा हिशोब कागदावर देखणा आहे, पण मालकाचा वकील काय म्हणेल ते ऐका. अशा करारांत पाच वर्षांनी भाडं वाढतं. वाढ कधीपासून दिली? १ मार्च २०१९ पासून दिली असेल, तर तुम्हीच प्रारंभ १ मार्च धरलात. दर वर्षीच्या भाड्याच्या पावत्या त्याच हिशोबाच्या असणार. दहा वर्षं एक तारीख मानून वागलात आणि नोटीस चुकल्यावर दुसरी तारीख सापडली? कोण ऐकून घेणार?

---

दप्तरदार

मुद्दा खरा आहे आणि कथेत भाडेवाढीचा उल्लेखच नाही, त्यामुळे मलाही माहीत नाही. करारातले शब्द स्वच्छ असतील तर नंतरच्या वागण्याने ते बदलत नाहीत, असं भाडेकरूच्या बाजूने म्हणता येईल. पण दोघांनी मिळून 'प्रारंभ १ मार्च' असं एखाद्या पत्रात किंवा पुरवणी करारात लिहून दिलं असेल, तर मग प्रमाणपत्राचा काही उपयोग नाही. गोदामांच्या करारांत असं 'प्रारंभ दिनांक निश्चितीपत्र' वारंवार असतं. पान ४२ आणि ४३ तेच असेल तर? म्हणजे जो कागद वाचवेल असं वाटतंय तोच बुडवू शकतो.

---

शंकासूर

आता मला कथा आवडली.

---

मुद्रांक

मला एक सांगा. मुलीने ही तारीख गोषवाऱ्यात लिहायलाच हवी होती का? गोषवारा वरपर्यंत जातो, दहा जण बघतात. उद्या भांडण लागलं तर तो कागद समोरच्याच्या हातात पडू शकतो. 'शेवटची तारीख २९/०५/२०२३' हे तुमच्याच कारकुनाच्या हस्ताक्षरात. मी असतो तर रकाना रिकामा ठेवून तोंडी सांगितलं असतं.

---

रांगेत_उभा

रिकामा ठेवणं हे मी कधीच करू देणार नाही. कारकुनाने तारीख लपवायची नसते, आणि तोंडी सांगितलेलं पुढच्या आठवड्यात कुणालाच आठवत नाही. पण मुद्रांक म्हणतात त्यात तथ्य आहे ते एवढंच की गोषवाऱ्यात निकाल द्यायचा नसतो. 'हक्क गेला', 'आपण चुकलो' हे शब्द तिथे नकोत. लिहायचं ते असं: 'कलम ४, नोटीस समाप्तीच्या नऊ महिने आधी. समाप्ती कलम २ प्रमाणे, ताबा पावती पान ४१. भोगवटा प्रमाणपत्र फाईलमध्ये मिळालं नाही (पान ४२-४३ गहाळ, अनुक्रमांक १७). ताब्यापासून मोजल्यास २९/०५/२०२३.' यात एकही शब्द खोटा नाही आणि निकालही नाही.

आणि कागद गठ्ठ्यावर ठेवून जाणं नको. उठून साहेबांच्या टेबलाजवळ उभं राहायचं. साहेब मीटिंगमध्ये असतील तर बाहेर उभं राहायचं.

---

मुद्रांक

हे लिहायला हरकत नाही. तरी मी वकिलाला विचारल्याशिवाय लिहिलं नसतं.

---

भरपूर_वेळ

अवांतर: टॅग तुटला की मागची पानं दोऱ्याने बांधणारा जो कोण असतो, त्याला कुणी सापडवून द्या. आमच्याकडे त्याने दोन फायली एकत्र बांधल्या होत्या. तीन वर्षं आम्ही एका कंपनीला दुसरीच समजत होतो.

---

रांगेत_उभा

टॅग तुटलेल्या फायलीत मी आधी पान क्रमांकच मोजतो, नंतर वाचतो. क्रमांक टाकलेला नसेल तर पेन्सिलीने टाकतो. ४१ नंतर ४४ हे दिसायला अर्धा मिनिट लागतं, पण आधी बघितलं नाही तर कधीच दिसत नाही.

---

निळी_शाई

परत वाचलं. आता माझा खरा प्रश्न. समजा प्रमाणपत्र फेब्रुवारीचंच निघालं. मालकाचं काहीच नुकसान झालेलं नाही, फक्त आठवडाभर उशीर. भाडेकरूने तिथे रॅक बसवले असतील, फरशी घातली असेल. तरी कोर्ट म्हणणार गेलं?

---

दप्तरदार

बहुतेक ठिकाणी, हो. मुदत वाढवण्याचा हक्क हा एका बाजूला मिळालेला फायदा असतो, तो घ्यायचा तर अटी काटेकोर पाळायच्या, अशी जुनी समजूत आहे. एक दिवस उशीर आणि एक महिना उशीर यांत फरक करत नाहीत.

पण अपवाद आहेत. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने १९७७ मध्ये एका रेस्टॉरंटच्या भाडेकराराबाबत असा निकाल दिला. नोटीस चुकली होती. न्यायालयाचं म्हणणं असं, की चूक निष्काळजीपणाची असली तरी मुद्दाम केलेली नाही, भाडेकरूने जागेत केलेली सुधारणा वाया जाणार, आणि उशिराने मालकाचं नुकसान झालं नसेल, तर हक्क वाचवता येऊ शकतो. नुकसान झालं होतं की नाही हे तपासायला प्रकरण परत पाठवलं. म्हणजे तिथेही हमखास सुटका नाही, वाद घालायला जागा आहे एवढंच.

तुमचे रॅक आणि फरशी म्हणूनच महत्त्वाचे. आणि मालकाने मधल्या काळात दुसऱ्या कुणाशी बोलणी केली असतील तर त्याचं नुकसान झालं असं तो म्हणणार. म्हणून आठवडाभर उशीर हा दोन महिने उशिरापेक्षा बरा, कायद्यात फरक नसला तरी.

---

शंकासूर

आणि म्हणून मुलीच्या हातात त्या दिवशी वेळ होता. 'गेलं तर गेलं' म्हणून बसायचं नव्हतं.

---

अर्धविराम

बरं, मग सांगा, ५ जूनला दुपारी साहेबांनी काय करायला हवं? कागदकीडा पुढचा भाग लिहिणार नाहीत म्हणतात, पण मी त्यांना लिहायला लावणार आहे.

---

दप्तरदार

नोटीस त्याच दिवशी. प्रमाणपत्र शोधत बसायचं नाही. आधी नोटीस, मग शोध. प्रमाणपत्र ६ मार्चचं निघालं तर तीच नोटीस वेळेत असेल, आणि उद्याची नसेल.

नोटिशीत दोन गोष्टी मुळीच लिहायच्या नाहीत. एक, 'विलंबाबद्दल क्षमस्व'. उशीर झाला हे तुम्ही स्वतःच कशाला सांगायचं? 'कलम ४ अन्वये पाच वर्षांसाठी मुदत वाढवत आहोत' एवढंच. दोन, 'भाड्याबाबत चर्चा करू या' असं काही. तसं लिहिलं की ते हक्क वापरणं राहत नाही, नवा प्रस्ताव होतो, आणि मालक नाही म्हणून मोकळा. मी पाहिलेल्या फसलेल्या नोटिशांत वेळेत पोचलेल्याही आहेत. त्या सौजन्याने मेल्या.

पत्ता करारातल्या नोटिशीच्या कलमातला. तोही नंतर पत्राने बदललेला असू शकतो, म्हणून पत्रव्यवहाराचा भाग चाळायचा. रजिस्टर पोस्टानेच पाठवा असं कलमात असेल तर पोस्टाने पाठवायचीच, वर हातोहातही द्यायची आणि पोच घ्यायची. नुसत्या ईमेलवर भागवायचं नाही. सही करारात ज्याला अधिकार आहे त्याची. साहेब परगावी असतील तर ही सगळ्यात मोठी अडचण.

आणि प्रमाणपत्राची प्रत मालकाकडे मागायची नाही. मागितली की त्यालाही मोजायची बुद्धी होईल. ज्या कार्यालयाने दिलं तिथून किंवा वास्तुविशारदाकडून मिळवायची.

---

रांगेत_उभा

शेवटचा मुद्दा मला खटकतो. लपवाछपवी वाटते.

---

दप्तरदार

नोटीस तर उघडपणे देताय. सार्वजनिक कार्यालयातून नक्कल घेणं ही लपवाछपवी कशी? मालकाला त्याचा हिशोब त्याने करावा.

---

शंकासूर

रांगेत_उभा यांना +१. पण मी दप्तरदारांसारखंच करेन.

---

कागदकीडा

ऐका, पुढचा भाग लिहायला घेतलाय. ती कार्यालयात नक्कल मागायला जाते आणि कारकून दोन कागद देतो. एक 'अंशतः भोगवटा', २० फेब्रुवारी २०१४. दुसरं संपूर्ण इमारतीचं, २२ मार्च २०१४. कलम २ मध्ये तर नुसतं 'भोगवटा प्रमाणपत्र' आहे. कुठलं धरायचं?

---

दप्तरदार

अंशतः वाल्यात गोदामाचा मजला येतो का ते आधी वाचा. येत असेल तर मालक म्हणणार, तुमच्या जागेचं प्रमाणपत्र ते, मग ताबाच नंतरचा, २९ मे. भाडेकरू म्हणणार, करारात 'अंशतः' कुठे आहे, मुदत २१ मार्च २०२४ ला संपते, नोटीस २१ जूनपर्यंत चालेल. माझ्या मते भाडेकरूची बाजू थोडी वरचढ, पण पैज लावणार नाही.

---

शंकासूर

मी मालकाकडून पैज लावतो. प्रमाणपत्राची अट कशासाठी घालतात? जागा कायदेशीर वापरता यावी म्हणून. ती २० फेब्रुवारीलाच वापरता येत होती.

---

मुद्रांक

आणि मजल्याचा उल्लेख 'तळमजला (भाग)' असा असेल तर?

---

दप्तरदार

तर नकाशा काढा. अंशतः प्रमाणपत्राला नकाशा जोडलेला असतो, त्यात मंजूर भाग रंगवलेला असतो. कागदकीडा, गोदामाचा दरवाजा त्या रंगात येतो का बाहेर राहतो, ते ठरवून मग लिहा.